प्राचार्य महोदय, नव्या मुलांना नमस्काराची रीत सांगा

महाराष्ट्रातील सर्व महाविद्यालयांच्या प्राचार्यांना,



मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. आमची मुलं पुढं तुमच्याकडे येतात. कुणी गावातल्याच महाविद्यालयात, कुणी लातूर-नांदेडला, कुणी थेट पुण्याला. दिवाळीच्या सुट्टीत ती शाळेत भेटायला येतात तेव्हा मी हटकून विचारते, की तिकडचे कोणते सर, कोणत्या मॅडम तुम्हाला नावानं ओळखतात? बहुतेक जण म्हणतात, कुणीच नाही. तुम्ही कधी आपणहून बोलायला गेलात का, असं विचारलं की मुलं गप्प होतात. मग एखादी हळूच सांगते, "बाई, जाऊन आधी काय म्हणायचं तेच कळत नाही."

हुशार मुलं आहेत ही. शाळेत आमच्याशी भरभरून बोलणारी. तरी सहा महिन्यांत त्यांची वाचा का बसते, याचा मी बरीच वर्षं विचार करते आहे. अभ्यास अवघड जातो, इंग्रजी कच्चं असतं, ही कारणं खरीच आहेत आणि त्यांवर आपण सगळेच बोलतो. पण त्याआधीची एक पायरी आहे, तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. शाळेत शिक्षकांना नमस्कार करायची एक रीत मुलांच्या अंगवळणी पडलेली असते. महाविद्यालयात ती चालत नाही, आणि तिच्या जागी काय चालतं हे त्यांना कुणी सांगत नाही.

शाळेतली रीत आधी नीट पाहू. तासाची घंटा होते, शिक्षक दारात येतात, वर्गप्रमुख खणखणीत आवाजात म्हणतो, "एऽक साथ…" आणि सगळा वर्ग उभा राहून सुरात म्हणतो, "नमस्तेऽऽ". मी "बसा" म्हणते, मुलं बसतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शब्द 'गुड मॉर्निंग टीचर' असे असतात, पण चाल तीच. हजेरीला कुठं "हजर", कुठं "उपस्थित", कुठं "येस सर". कुणी उशिरा आलं तर दारात थांबून "मे आय कम इन सर?" विचारतं आणि आम्ही मान हलवेपर्यंत आत पाऊल टाकत नाही. पहिलीपासून दहावीपर्यंत, दिवसाला सहा-सात वेळा, हे चालतं.

यात चांगलं पुष्कळ आहे. सुरुवातीचा गोंगाट एका झटक्यात थांबतो, शिक्षकालाही क्षणभर उसंत मिळते. पण एक गोष्ट नजरेतून सुटते. या दहा वर्षांत मुलानं एकट्यानं, स्वतःच्या शब्दांत, शिक्षकाला नमस्कार केलेला फार क्वचित असतो. नमस्कार वर्गाचा असतो. सुरुवात वर्गप्रमुख करतो, शब्द ठरलेले असतात, वेळ घंटा ठरवते, आणि कुणाला काय म्हणायचं हेही पहिल्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. अंगणवाडीत ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आणि बाई, हायस्कुलात सर आणि मॅडम. आमच्या शाळेत जुन्या शिक्षिकांना अजून बाई म्हणतात आणि नव्यांना मॅडम, आणि त्यात कुणाचीही गफलत होत नाही.

शाळेबाहेरची रीत तर बहुधा बिनशब्दांचीच असते. समोरून गुरुजी येताना दिसले की मुलगा सायकलवरून उतरतो, कडेला उभा राहतो, नजर खाली घालतो आणि गुरुजी पुढं गेले की पुन्हा पायडल मारतो. एक शब्द बोलत नाही. आमच्याकडं हाच पूर्ण नमस्कार आहे. थोरांसमोर आपण होऊन तोंड उघडू नये, ते बोलले तर उत्तर द्यावं, हे घरात शिकवलेलं असतं. मुलींना तर दुप्पट शिकवलेलं असतं.

आता हाच मुलगा तुमच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात उभा करा. समोरून प्राध्यापक येतात. तो भिंतीला लागून उभा राहतो, मान खाली घालतो, एक शब्द बोलत नाही. त्याच्या लेखी त्यानं मान दिलेला आहे. प्राध्यापकांच्या लेखी त्यानं ओळख टाळली. तुमच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला एका समारंभात मोठ्या कळकळीनं सांगितलं होतं, "हल्लीची ग्रामीण भागातली मुलं समोरून गेली तरी बघत नाहीत हो." मी त्यांना सायकलवरून उतरण्याची ही रीत सांगितली. ते स्वतः मुंबईत वाढलेले. त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. दोघांपैकी कुणाचंच काही चुकत नव्हतं, आणि तरी तीन वर्षं एकमेकांसमोरून न बोलता जाण्यात गेली असती.

तुमच्या पहिल्या आठवड्यात काय होतं, ते मुलांकडून ऐकून मला आता पाठ झालं आहे. प्राध्यापक आत येतात आणि शाळेच्या सवयीनं वर्ग उभा राहतो. बाक जोडलेले असतात, त्यामुळं धड उभंही राहता येत नाही, गुडघे वाकवून अर्धवट. काही प्राध्यापक म्हणतात, "उभे राहू नका, ही शाळा नाही." काही काहीच म्हणत नाहीत. काहींना उभं राहिलेलं आवडतं. पुढच्या आठवड्यात निम्मा वर्ग उभा राहतो आणि निम्मा पाहत बसतो. महिनाभरात कुणीच उभं राहत नाही. आपण उठून एकटेच दिसलो तर, या भीतीपोटी रीत आपोआप मरते. एवढं होईपर्यंत कुणी एक वाक्य बोललेलं नसतं.

उशिरा येण्याचंही तसंच. आमचं मूल दारात थांबून मोठ्यानं "मे आय कम इन सर?" म्हणणार. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात, फळ्यावर एखादं प्रमेय अर्ध्यावर असताना, या प्रश्नानं व्याख्यान तुटतं. कित्येक प्राध्यापकांना मागच्या दारानं गुपचूप येऊन बसलेलं बरं वाटतं. आणि कित्येकांना असं न विचारता आत शिरणं हा उद्धटपणा वाटतो. दोन्ही रीती समजण्याजोग्या आहेत. पण एकाच दिवशी दहा वाजता एक रीत आणि अकरा वाजता दुसरी, हे मुलानं ओळखायचं कसं? दोनदा बोलणी बसली की मूल उशीर झाल्यावर वर्गात येणंच सोडतं. कँटीनमध्ये बसतं. ते तास बुडवणारं मूल नसतं, दारात अडलेलं मूल असतं.

हाक कशी मारायची, हा पुढचा पेच. तोंडी बोलताना सोपं आहे, आडनावापुढं सर किंवा मॅडम लावलं की महाराष्ट्रात काम भागतं. पण बऱ्याच ठिकाणी वेळापत्रकात प्राध्यापकांचं पूर्ण नाव नसतंच, आद्याक्षरं असतात. मुलं वर्षभर 'व्हीएमके सर' म्हणत राहतात आणि अर्जावर नाव लिहायची वेळ आली की धांदल उडते. मग प्रा. लिहायचं की डॉ.? ज्यांनी पीएचडी केली आहे त्यांच्या नावाआधी डॉ. लिहायचं आणि बाकीच्यांच्या प्रा., ही साधी गोष्टही घरात कुणी महाविद्यालयात गेलेलं नसेल तर मुलाला ठाऊक नसते. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक ही पदं तुमच्या सेवापुस्तकासाठी महत्त्वाची आहेत. मुलानं हाक मारताना त्यांचा विचार करायचा नसतो, हेही सांगावं लागतं. तासिका तत्त्वावर शिकवणारे शिक्षकही तितक्याच मानाचे सर आणि मॅडम आहेत. हे तर ठसवूनच सांगायला हवं, कारण शिक्षककक्षात त्यांना दिली जाणारी वागणूक मुलं बरोबर टिपतात आणि तशीच वागू लागतात.

आणखी एक बारीकसा प्रकार आहे, मला तो फार खुपतो. हजेरीच्या ओघात मुलं मॅडमनाही "येस सर" म्हणून जातात, आणि बहुतेक मॅडम ते सोडून देतात. केरळमध्ये राज्याच्या बालहक्क आयोगानं २०२३ च्या जानेवारीत शाळांसाठी असं सांगितलं होतं, की सर-मॅडमऐवजी सगळ्यांना 'टीचर' म्हणावं. आपल्याकडं तसं करावं असं माझं म्हणणं नाही. आपल्याला सर आणि मॅडम सोईचे आहेत. पण समोर कोण आहे ते पाहून हाक मारायची, एवढं पहिल्याच हजेरीला मॅडमनी हसून सांगितलं तर पुढची तीन वर्षं निभतात.

आता मी जरा सविस्तर एका मुलीचं सांगते, कारण सगळी गाठ कुठं बसते ते त्यातून दिसतं. आमच्याकडं दहावीला उत्तम गुण मिळवलेली, पुढं एका मोठ्या शहरात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला गेलेली. तापानं आठवडाभर पडून राहिली आणि प्रात्यक्षिकाचं जर्नल द्यायची तारीख चुकली. तिला मॅडमकडून दोन दिवस वाढवून हवे होते. वर्गाच्या ग्रुपवरून मॅडमचा नंबर मिळाला. तिनं सकाळी मेसेज पाठवला: "मॅडम". एवढाच. आणि उत्तराची वाट पाहत बसली. दुपारी पुन्हा "मॅडम मी काल आले नव्हते". रात्री साडेदहाला "जर्नलचं काय करू".

मॅडमच्या बाजूनं पाहा. अनोळखी नंबर, फोटोच्या जागी फुलाचं चित्र, नावाच्या जागी टोपणनाव. चार वर्ग, कित्येक तुकड्या. कोण विचारतंय, कुठल्या विषयाचं जर्नल, काय हवंय, काहीच कळत नाही. आणि वर रात्रीची वेळ. त्यांनी उत्तर दिलं नाही. मुलीनं त्याचा अर्थ नकार असा घेतला आणि जर्नल दिलंच नाही. अंतर्गत गुण गेले.

दिवाळीत ती आली तेव्हा तिनं मला फोन दाखवला. ते तीन मेसेज पाहताना मला कळलं, की यात निष्काळजीपणा कुठंही नाही. शाळेत आम्हीच शिकवलं होतं. आधी "बाई" अशी हाक मारायची, बाईंनी वर पाहीपर्यंत थांबायचं, त्यांनी "काय गं?" म्हटलं की मग बोलायचं. तिनं तेच फोनवर केलं. हाक मारली आणि बाई वर पाहतील म्हणून थांबली. शाळेत बाईंना तिचा चेहरा, तिचं घर, तिच्या भावंडांची नावं ठाऊक होती, त्यामुळं नाव सांगायची वेळच आली नव्हती. फोनवर कुणी वर पाहत नाही.

आम्ही दोघींनी बसून तो मेसेज नव्यानं लिहिला. "नमस्कार मॅडम. मी प्रथम वर्ष बीएस्सी, ब तुकडी, हजेरी क्रमांक ४७." त्याखाली तिचं पूर्ण नाव. "गेल्या आठवड्यात तापामुळे मला येता आलं नाही, म्हणून रसायनशास्त्राचं जर्नल वेळेत देता आलं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे. शुक्रवारी प्रात्यक्षिकाच्या वेळी आणून दिलं तर चालेल का? आपल्या सोयीनं कळवावं." बस्स. नमस्कार, ओळख, कारण, नेमकी विनंती, आणि तेही दिवसाढवळ्या, एकाच मेसेजमध्ये. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, एवढंच असतं?" हो, एवढंच असतं. पण हे एवढं तिला सांगायला पहिल्या सत्रात कुणीही नव्हतं.

तोंडी भेटीलाही हाच क्रम लागतो. शिक्षककक्षाच्या दाराशी थांबायचं, दारावर टकटक करायची, ज्यांच्याकडं काम आहे त्यांच्या टेबलापर्यंत जायचं, ते दुसऱ्याशी बोलत असतील तर दोन पावलं मागं थांबायचं. मग "नमस्कार सर" म्हणून लगेच नाव, वर्ग, हजेरी क्रमांक आणि काम. सर आपणहून ओळखतील म्हणून थांबायचं नाही. उत्तर मिळालं की "धन्यवाद सर" म्हणून निघायचं. इंग्रजीतूनच बोलायला हवं असं नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगा. कित्येक मुलं पूर्ण वाक्य इंग्रजीत जुळवता येईना म्हणून शिक्षककक्षाच्या पायऱ्या चढत नाहीत, आणि आत बसलेले सर स्वतः घरी मराठीच बोलत असतात. व्हरांड्यात किंवा जिन्यावर भेट झाली तर नजर वर, किंचित मान झुकवून "नमस्कार सर", आणि न थांबता पुढं. तिथं काम काढायचं नाही. कँटीनमध्ये सर जेवत असतील तर तेही नको.

पाया पडण्याबद्दलही दोन शब्द. आमची मुलं निकालाच्या दिवशी, गुरुपौर्णिमेला आणि ५ सप्टेंबरला पाया पडतात. महाविद्यालयात काही प्राध्यापकांना ते अवघडल्यासारखं होतं आणि ते झटकन पाय मागं घेतात. मुलाला वाटतं, आपल्याला झिडकारलं. तुम्ही "अरे, नमस्कार पुरे" असं म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवलात तर त्याला रीतही कळते आणि मानही राहतो.

यातला आमचा वाटा मी टाळत नाही. दहावीच्या पत्रलेखनात आम्ही प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू असा सगळा साचा घोटून घेतो, कारण त्याला गुण असतात. पण ती पत्रं मुख्याध्यापकांना, पुस्तकविक्रेत्याला, नगरपालिकेला असतात. शिक्षकाला चार ओळींचा निरोप लिहायला आम्ही क्वचितच देतो. या वर्षापासून मी दहावीच्या शेवटच्या महिन्यात वर्गाचा एकत्र नमस्कार बंद केला आहे. प्रत्येकानं आत येताना किंवा माझ्याजवळ येताना एकट्यानं नमस्कार करायचा, आणि मी त्याला ओळखतच नाही असं समजून स्वतःची ओळख सांगायची. पहिले दोन दिवस मुलं लाजून हसत होती. आठवड्यानं मागच्या बाकावरची मुलंही नीट बोलू लागली. दहावीनंतर लगेच अकरावी असते आणि तिथला वर्गही असाच मोठा असतो, त्यामुळं हे काम शाळेतच सुरू व्हायला हवं हे मला मान्य आहे.

पण तुमच्या महाविद्यालयात नेमकं काय चालतं, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. त्यासाठी वेगळा कार्यक्रम उभारायची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' हा स्वागतपर उपक्रम सुचवला आहे आणि अनेक महाविद्यालयं तो घेतातही. त्यात ग्रंथालय दाखवतात, परीक्षापद्धती सांगतात, रॅगिंगविरोधी शपथ देतात. त्यातला अर्धा तास मला या कामासाठी हवा आहे.

त्या अर्ध्या तासात भाषण नको. दोन प्राध्यापक आणि दुसऱ्या वर्षाचे तीन-चार विद्यार्थी पुढं येऊन करून दाखवू द्या. शिक्षककक्षात जाणं, व्हरांड्यातली भेट, उशिरा आल्यावर कुठल्या दारानं यायचं. प्रत्येक विभागानं आधी बसून आपल्यापुरतं एक ठरवावं, की वर्ग उभा राहणार की नाही, आणि उशिरा आलेल्यानं विचारायचं की गुपचूप बसायचं. सगळ्यांचं एकमत होणार नाही. मग ज्यांची रीत वेगळी आहे त्यांनी पहिल्या तासाला ती स्वतः सांगावी. एका वाक्याचं काम आहे. सूचनाफलकावर वेळापत्रकाशेजारी आद्याक्षरांपुढं पूर्ण नावं लावावीत, डॉ. की प्रा. यासकट, आणि कुणाला कुठल्या वेळी भेटता येईल तेही. निरोप फोनवर पाठवायचा असेल तर कुणाला, किती वाजेपर्यंत, आणि नमुन्यादाखल एक निरोप. वर दिलेला आमचा चालेल, खुशाल घ्या.

प्रयोगशाळेतले सहायक, कार्यालयातले लिपिक, शिपाई यांना काय म्हणायचं तेही त्यातच यावं. शाळेत शिपाईमामांना आणि मावशींना मुलं आवर्जून नमस्कार करतात. महाविद्यालयात पहिल्या सत्रातच ती सवय सुटते, कारण आजूबाजूला कुणी तसं करताना दिसत नाही. ती सुटू देऊ नका.

शेवटची विनंती वेळेबद्दल आहे. दीक्षारंभ बहुधा पहिल्या आठवड्यात होतो. प्रवेशाच्या नंतरच्या फेऱ्यांत येणारी, जातपडताळणीचं किंवा उत्पन्नाचं प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत खोळंबलेली, वसतिगृहात जागा मिळेपर्यंत गावीच थांबलेली मुलं तेव्हा तुमच्याकडं पोचलेलीच नसतात. ज्यांना हा अर्धा तास सगळ्यांत जास्त हवा असतो, नेमकी तीच तो चुकवतात. त्यांच्यासाठी प्रवेश पूर्ण झाल्यानंतरच्या आठवड्यात तो पुन्हा एकदा घ्यावा, आणि त्या मुलांची नावं कार्यालयातून काढून त्यांना निरोप पाठवून बोलवावं.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
माध्यमिक शाळेतील एक मराठी शिक्षिका